पाडव्याची जाहिरात आणि बोरमाळेची मजुरी

फाल्गुन उतरणीला लागला की सांगलीच्या सराफ कट्ट्यापासून विट्या-तासगावच्या चौकापर्यंत एकाच मजकुराचे फलक चढतात. वर गुढी, बाजूला नऊवारीतली नथवाली बाई, मध्ये ठसठशीत अक्षरात ‘मजुरीवर ५०% सूट’ आणि त्या टक्क्याच्या खांद्यावर एक बारीकशी चांदणी. चांदणीचा अर्थ फलकाच्या तळाशी, बहुधा इंग्रजीत, रस्त्यावरून वाचता येणार नाही इतक्या लहान अक्षरात दिलेला असतो. हळदीचे पैसे हातात आलेले असतात, उसाचं बिल आलेलं असतं किंवा येणार असतं, वैशाखातली लग्नं ठरलेली असतात. माणूस दुकानात जातो, दागिना पसंत करतो आणि बिल घेऊन घरी येतो. त्याला खरोखर किती सूट मिळाली, हे त्या बिलावरून बहुतेक वेळा सांगता येत नाही.

पाडव्याला सराफाने सवलत देऊच नये, असं आमचं म्हणणं नाही. जरूर द्यावी. पण सवलत कशातून दिली हे रुपयांत सांगितल्याशिवाय ती सवलत ठरत नाही, आणि सणाचं नाव घ्यायचं तर त्या सणाची रीत जाहिरातीच्या अटींतही दिसली पाहिजे. या दोन गोष्टी एकाच फलकावर बसू शकतात. कशा, ते एका दागिन्याच्या हिशेबाने दाखवता येतं.

दागिना बोरमाळ घेऊ. आपल्या भागात ती अजूनही हौसेने केली जाते आणि मजुरीचे बहुतेक सगळे प्रश्न तिच्या एकटीच्या बिलात येतात. बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात. पातळ पत्र्याचे हे मणी चेपू नयेत म्हणून त्यांत लाख भरतात आणि मग ते ओवतात. म्हणजे तराजूवर जे वजन दिसतं ते सगळं सोन्याचं नसतं. समजा एका बोरमाळेचं ढोबळ वजन २३.२०० ग्रॅम आहे. त्यात लाख आणि दोरा मिळून ३.२०० ग्रॅम, म्हणजे निव्वळ सोनं २० ग्रॅम. हिशेब सोपा व्हावा म्हणून २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. प्रत्यक्ष भाव रोज बदलतो, पण रीत तीच राहते.

पहिल्या दुकानात फलक नाही. तिथे बोरमाळेची मजुरी ग्रॅमला १,१०० रुपये आहे, आणि पाडव्यालाही तीच. सोन्याचे दोन लाख, मजुरीचे २२,०००, मिळून २,२२,०००. त्यावर ३ टक्के जीएसटी ६,६६०. हॉलमार्कचे नगाला ४५ रुपये आणि त्यावरचा कर धरून ५३ रुपये १० पैसे. एकूण २,२८,७१३ रुपये १० पैसे.

दुसऱ्या दुकानात ५० टक्के सूट आहे. तिथे मजुरी २४ टक्के सांगतात आणि डोळ्यांदेखत ती निम्मी करतात. १२ टक्के ऐकायला छान वाटतं. पण त्या दुकानाचा २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,१०० आहे. शंभर रुपयांचा फरक कोणी विचारत नाही, कारण भाव सकाळ-संध्याकाळ हलतो हे सगळ्यांना माहीत असतं. सोन्याचे २,०२,००० झाले. मजुरी ४८,४८०, सूट वजा जाऊन २४,२४०. बेरीज २,२६,२४०, जीएसटी ६,७८७ रुपये २० पैसे, हॉलमार्कचा आकार तोच. एकूण २,३३,०८० रुपये ३० पैसे. निम्म्या मजुरीची बोरमाळ बिनसवलतीच्या बोरमाळेपेक्षा ४,३६७ रुपयांनी महाग पडली. गिऱ्हाईक मात्र चोवीस हजार वाचवल्याच्या आनंदात घरी जातं.

यात खोटं सोनं नाही, वजनात मारलेलं नाही, करही बुडवलेला नाही. म्हणूनच हा प्रकार पकडायला अवघड जातो. सूट ज्या आकड्यावर दिली तो २४ टक्क्यांचा आकडा पाडव्याच्या आधी कधी कोणाकडून घेतला होता का, हा खरा प्रश्न आहे. सूट दाखवण्यापुरताच जन्माला आलेला आकडा हा मजुरीचा दर होऊच शकत नाही. ज्या दुकानाला सचोटीने सूट द्यायची आहे, त्याने ‘माघी पौर्णिमेपासून आजपर्यंत या नमुन्याची आमची मजुरी एवढी होती, पाडव्याला एवढी आहे’ अशी दोन्ही रकमांची ओळ छापावी. तेवढ्या दिवसांची जुनी बिलं दुकानात असतातच, त्यामुळे हे छापायला काहीच अडचण नाही. अडचण आली, तर ती कुठे आहे हे त्यातूनच कळतं.

भावाचंही तसंच. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध सोनं. ज्या दिवशी २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,९१७ असेल, त्या दिवशी ०.९१६ ने गुणलं की २२ कॅरेटचे १०,००० येतात. वरच्या दुसऱ्या दुकानाचा १०,१०० हा भाव साडेब्याण्णव टक्क्यांनी लावलेला आहे. म्हणजे दागिन्यात ९१.६ टक्के सोनं आणि पैसे ९२.५ टक्क्यांचे. काही सराफ याचं समर्थन करतात की दागिना घडवताना जी तूट येते ती भावातच धरलेली असते. तसं असेल तर तीच तूट मजुरीत पुन्हा धरायला नको. एक तर इथे घ्या, नाही तर तिथे. फलकावर २४ आणि २२ कॅरेटचे दोन्ही भाव शेजारी लिहिले की गिऱ्हाइकाला एका गुणाकारात सगळं कळतं.

तिसरी जागा वजनाची. मजुरी २३.२०० वर लावली की २० वर? टक्केवारीच्या बोलण्यात हे सहज निसटतं. दुसऱ्या दुकानाने तीच २४ टक्के मजुरी ढोबळ वजनावर काढून निम्मी केली, तर आणखी ३,८७८ रुपये वाढतात, आणि ते लाखेच्या आणि दोऱ्याच्या मजुरीचे असतात. मंगळसूत्रात हेच काळ्या मण्यांचं होतं, नथीत मोत्यांचं, ठुशीत खड्यांचं आणि गोंड्याचं. बोरमाळेची लाख गिऱ्हाइकाला काढून बघता येत नाही, त्यामुळे तिथे सराफाचा शब्द हाच पुरावा असतो. म्हणून चिठ्ठीवर ढोबळ आणि निव्वळ अशी दोन वजनं आधीपासून लिहिलेली हवीत. गिऱ्हाइकाने विचारल्यावर तोंडी सांगणं पुरेसं नाही. हॉलमार्क असलेल्या दागिन्याच्या बिलावर निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचा आकार वेगळा लिहिणं नियमाने बंधनकारकच आहे.

हॉलमार्कचा इथे एक गैरसमज होतो. ‘शंभर टक्के हॉलमार्क’ असं फलकावर लिहिलं की लोकांना किंमतही तपासलेली वाटते. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या दागिन्यावर एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक लागतो. तो ‘बीआयएस केअर’ या अॅपवर टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफाची नोंद आणि तपासणी केंद्र कळतं. शुद्धतेबद्दल ही मोठी सोय झाली आहे. पण हॉलमार्क मजुरीबद्दल अवाक्षर बोलत नाही. मजुरी किती असावी यावर कायद्याची मर्यादा नाही, ती सराफाने ठरवायची आणि गिऱ्हाइकाने मान्य करायची. शिवाय जे कायद्याने करावंच लागतं, ते पाडव्याची खास भेट म्हणून मिरवणं शोभत नाही.

मग मजुरी टक्क्यांत सांगावी की रुपयांत? हा वाद सराफांत खरा आहे आणि त्यांच्या बाजूलाही तथ्य आहे. ग्रॅमचा भाव ५,००० असताना ११ टक्के म्हणजे ५५० रुपये होत. भाव १०,००० झाला की तेच ११ टक्के १,१०० होतात. कारागिराने मणी तेवढेच ओढले, जोड तेवढेच दिले, झिलई तेवढीच केली. त्याचा रोजगार भावाबरोबर दुप्पट होत नाही. या भागात टक्केवारी अन्यायाची ठरते. पण मजुरी नावाच्या रकमेत निव्वळ हातकाम नसतं. घडवताना सोनं किसात, कानशीत, झिलईत जातं, त्या घटीचा मोबदला कारागिराला सोन्यातच द्यावा लागतो आणि सोनं महागलं की घटही महागते. बोरमाळेत ३ टक्के घट धरली तर ती ०.६०० ग्रॅम झाली, ५,००० च्या भावाने ३,००० रुपयांची आणि १०,००० च्या भावाने ६,००० ची. दुकानात मांडून ठेवलेल्या मालात अडकलेलं भांडवल, त्याचं व्याज आणि विमाही भावाबरोबर वाढतो. तेव्हा सराफाने भाव वाढल्यावर मजुरी थोडी वाढवली तर ती लबाडी नव्हे.

यावर आमचा तोडगा असा की हिशेब आत टक्क्यांत करा, पण गिऱ्हाइकापुढे रुपयांत ठेवा, आणि घट व घडणावळ वेगळी दाखवा. ‘घट ६,०००, घडणावळ १६,०००’ असं वाचलं की गिऱ्हाइकाला पैसे कशाचे जातात हे कळतं आणि पुढचा योग्य प्रश्नही सुचतो. यंत्रावर ओढलेल्या साखळीला किंवा साच्यातल्या अंगठीला हातघडणीच्या ठुशीएवढी घट येते का, हे तो विचारू शकतो. उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच असतं. घटीतलं सगळंच सोनं वायाही जात नाही. कीस गोळा होतो, पेढीतली माती सुद्धा झारेकरी पैसे देऊन नेतात, कारण तिच्यातून सोनं निघतं. त्यामुळे साध्या पाटल्यांवर दहा-बारा टक्के घट लावणारं बिल दिसलं तर तिथे थांबून विचारणं योग्य.

याहून मोठी हानी ‘मजुरी शून्य’ या घोषणेने होते. मजुरी शून्य असूच शकत नाही. सराफ कट्ट्याच्या माड्यांवर खाली मान घालून बसलेला कारागीर फुकट काम करत नाही. मग पैसे कुठून येतात? भावातून येतात, खड्यांच्या किमतीतून येतात, किंवा ही सवलत फक्त यंत्राच्या मालावर असते आणि ते चांदणीखाली लिहिलेलं असतं. कधी ते दागिना परत घेताना कापलेल्या टक्क्यांतून येतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची जी व्याख्या आहे, तिच्यात नेमकं हेही आहे: ज्याची किंमत व्यवहारातल्या रकमेत पूर्ण किंवा अंशतः वसूल केलेली आहे, ते फुकट दिल्याचा भास निर्माण करणं. ‘शून्य मजुरी’ पुष्कळदा याच्या अगदी उंबऱ्यावर उभी असते.

आणि सणाच्या बाजूने पाहिलं तर ती आणखी खटकते. महाराष्ट्राच्या कितीतरी खेड्यांत सालगड्याचं साल पाडव्याला ठरत आलं आहे. वर्षाची मजुरी, धान्य, कपडे, उचल किती, हे चार माणसांसमोर बोलायचं आणि मग नव्या वर्षाचं काम सुरू करायचं. कामाचा दर उघड ठरवण्याचा हा दिवस. त्याच दिवशी घडणाऱ्याच्या मजुरीला शून्य म्हणायचं आणि ती गुपचूप दुसऱ्या खात्यातून काढायची, हे परंपरेला धरून नाही. मजुरीचा आकडा अभिमानाने छापणं हे पाडव्याच्या रीतीला जास्त जवळचं आहे.

परंपरेचा मान म्हणजे फलकावर गुढीचं चित्र, एवढ्यावर बहुतेक जाहिराती थांबतात, आणि ते चित्रही पुष्कळदा चुकलेलं असतं. तांब्या काठीवर पालथा असतो, तो उभा काढतात. कडुनिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी गाळून तिथे सोन्याचा हार लटकवतात. गुढी सकाळी उभारतात आणि सूर्यास्तापूर्वी उतरवतात. जाहिरातीत ती रात्रीच्या रोषणाईत उभी असते. या चुका लहान आहेत, दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. गुढीवर दागिना नको, एवढं सराफाने चित्रकाराला बजावलं तरी पुरे.

पण परंपरा खरी मोडते ती अटींमध्ये. पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. याचा व्यवहारातला अर्थ असा की त्या दिवशी वेगळा मुहूर्त बघावा लागत नाही. सगळा दिवस शुभ. असं असताना ‘सकाळी १० ते १२ याच मुहूर्तावर खास सूट’ असा काटा लावणं म्हणजे ज्या गोष्टीतून हा दिवस माणसाला मोकळा करतो, तीच त्याच्या मानेवर ठेवणं. घाईत वजनं वाचली जात नाहीत, चिठ्ठी बघितली जात नाही, आणि दुकानातली पोरंही गर्दीत चुका करतात. सवलत असेल तर दिवसभर असावी. त्याहून बरं म्हणजे पाडव्याच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे आठ दिवस तोच दर ठेवावा. ज्याला शकुन साधायचा आहे तो पाडव्याला येईल, ज्याला शांतपणे बोरमाळ निवडायची आहे तो आधी येऊन निवडून, पैसे भरून ठेवील आणि पाडव्याला घरी नेईल.

दुसरी अट ‘किमान ३० ग्रॅमच्या खरेदीवर’. पाडव्याचं सोनं हे शकुनाचं सोनं. जुन्या मापात तोळ्याच्या ९६ गुंजा होत आणि गुंजभर सोनं घेऊनही शकुन पुरा होत असे. रोजंदारीवरची बाई अर्ध्या ग्रॅमचं वेढणं घ्यायला येते तेव्हा तिचा पाडवा ३० ग्रॅमवाल्यापेक्षा कमी नसतो. उलट लहान वस्तूत मजुरी जास्त बोचते. अर्ध्या ग्रॅमला सोन्याचे ५,००० आणि घडणावळ नगाला ३०० धरली, तर ती ६ टक्के झाली, आणि तेही साध्या वळ्यावर. परंपरेचं नाव घेऊन काही सोडायचंच असेल तर ते इथे सोडावं: एक ग्रॅमपर्यंतच्या शकुनाच्या वस्तूला पाडव्याला घडणावळ नगाला १०० रुपये. दुकानाला यात फार तोटा होत नाही, कारण अशा वस्तूवर एरवीही कमाई नसते. मात्र दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना हॉलमार्कची सक्ती नाही. तेव्हा तिथे बिलावर कॅरेट आणि वजन लिहून देणं हीच त्या बाईची एकमेव खात्री असते. ‘एवढ्याशाला काय बिल’ हे वाक्य पाडव्याच्या गर्दीत सर्रास ऐकू येतं. ते दुकानातून हद्दपार झालं पाहिजे.

तोळ्याबद्दल एक बारीक सूचना. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, आजच्या बाजारातला १० ग्रॅमचा. आजीच्या डोक्यात एक असतो आणि नातीच्या डोक्यात दुसरा. फलकावर ‘तोळ्यामागे सूट’ लिहायचं असेल तर कंसात १० ग्रॅम लिहावं, किंवा सरळ ग्रॅमचाच दर द्यावा.

आता मोडीकडे येऊ, कारण पाडव्याच्या जाहिरातीचं दुसरं मोठं वाक्य ‘जुन्या सोन्यावर शून्य घट’ हे असतं. सांगली जिल्ह्यात याबद्दल वेगळं भान असायला हवं. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. सोनं वितळवून त्याचा टंच, म्हणजे शुद्धतेचा टक्का, काढणं हे या भागातल्या कितीतरी घरांचं पोट आहे. तिथे ‘शून्य घट’ म्हणजे काय, हे फलकाने नीट सांगावं. जुन्या, हॉलमार्कपूर्वीच्या २० ग्रॅमच्या पाटल्या घेऊ. त्या गाळल्या, मळ आणि जोडाचा काही भाग जाऊन १९.९०० ग्रॅमची लगड आली आणि तिचा टंच ८८ निघाला. म्हणजे शुद्ध सोनं १७.५१२ ग्रॅम. २४ कॅरेटच्या १०,९१७ भावाने १,९१,१७८ रुपये. शेजारच्या दुकानात ‘शून्य घट’ आहे. तिथे गाळत नाहीत, वजन पूर्ण २० ग्रॅम धरतात, पण अंदाजाने टंच ८५ लावतात. १७ ग्रॅमचे १,८५,५८९ झाले. घट शून्य होऊनही माणूस ५,५८९ रुपयांना मुकला.

कस बघणारं यंत्र ठेवलं की हा प्रश्न सुटतो, असं काहींना वाटतं. किरण टाकून कस सांगणारं यंत्र दागिन्याचा वरचा थर वाचतं. वर मुलामा असेल, किंवा किरण नेमका डाखाच्या जोडावर पडला, तर आकडा चुकतो, कधी गिऱ्हाइकाच्या विरुद्ध तर कधी दुकानाच्या. म्हणून जाहिरातीत एवढीच ओळ असावी: मोड तुमच्यासमोर गाळली जाईल, गाळण्याआधीचं आणि नंतरचं वजन व टंच लिहून दिला जाईल, आणि पटलं नाही तर लगड परत मिळेल. शेवटचं कलम सर्वांत महत्त्वाचं. पाटल्या गाळल्यावर बाईला मागे फिरता येत नाही असं वाटलं, की पुढची सगळी बोलणी एकतर्फी होतात.

अटींची तळटीप कशी लिहावी याचे नियम आहेत, हे पुष्कळ दुकानदारांना आणि जाहिरात करून देणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत त्याची अट लिहायची, आणि ती दाव्यासारख्याच अक्षरांत हवी. मोठा दावा करून तळटिपेत तो उलटवता येत नाही. वर मराठीत सूट आणि खाली इंग्रजीत अटी हा ठरलेला साचा या सूचनांना धरून नाही. प्राधिकरण अशा जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. ग्राहकाला राष्ट्रीय हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि सांगलीत जिल्हा ग्राहक आयोगही आहे. पण सराफ दंडाला भिऊन खरं लिहू लागेल, अशी आमची अपेक्षा नाही. खरं लिहिल्याने त्याचं नुकसान होत नाही, एवढं त्याला पटायला हवं.

नुकसान होईल ही भीती मात्र खरी आहे. समोरचा ‘५०%’ लिहितो, आपण ‘ग्रॅमला हजार रुपये’ लिहिलं तर लोक त्याच्याकडे जातील, असं प्रत्येक जण म्हणतो. यावर उपाय गप्प बसणं नसून तुलना करता येईल असा एकच आकडा देणं हा आहे. कर वगळून बिलाची बेरीज करा आणि तिला निव्वळ वजनाने भागा. पहिल्या दुकानाची बोरमाळ ग्रॅमला ११,१०० पडते, दुसऱ्याची ११,३१२. यात भाव, मजुरी, घट, सूट सगळं येऊन जातं, लपायला जागा उरत नाही. खडे असतील तर त्यांची किंमत आधी वेगळी काढायची, एवढंच पथ्य. ज्या सराफाचा हा आकडा खरोखर कमी आहे त्याने तो फलकावर सर्वांत मोठ्या अक्षरात लिहावा आणि गिऱ्हाइकाला सांगावं, ‘ताई, शेजारी जा आणि त्यांच्या बिलाला असंच भागून बघा.’ लग्नाच्या घरात बिलं एकमेकांना दाखवली जातात. एका घरात हा भागाकार शिकला की तो पुढच्या चार घरांत जातो.

असा फलक लिहायचा झाला तर मजकूर साधारण असा होईल: ‘गुढीपाडवा, चैत्र शुद्ध प्रतिपदा. आजचा भाव, सकाळी ११ वाजता: २४ कॅरेट १०,९१७, २२ कॅरेट १०,००० रुपये ग्रॅम. बोरमाळेची मजुरी गेल्या महिनाभर ग्रॅमला १,१०० होती, पाडव्याच्या आधीचे आठ आणि नंतरचे आठ दिवस १,००० आहे, त्यात घट ३००. मजुरी निव्वळ वजनावरच. २० ग्रॅमच्या बोरमाळेचे कर आणि हॉलमार्क धरून २,२६,६५३ रुपये १० पैसे होतील. वजनाची अट नाही. दागिना पुढे परत आणल्यास निव्वळ सोन्याचा त्या दिवशीचा भाव मिळेल. मजुरी आणि कर परत मिळत नाहीत.’ हे वाचायला एक मिनिट लागतं. शेवटचं वाक्य छापायला दुकानदार कचरतात, पण त्यामुळे निवड नीट होते. ज्याला पुढे मोडायचंच आहे तो वेढणं घेईल, जिला अंगावर घालायची आहे ती बोरमाळ घेईल आणि तिच्या मजुरीबद्दल नंतर हळहळणार नाही.

यासाठी तयारी आधीपासून लागते. प्रत्येक नगाच्या चिठ्ठीवर ढोबळ व निव्वळ वजन आणि ग्रॅमची मजुरी रुपयांत लिहायची तर होळीच्या आतच सुरुवात करावी लागते, कारण हजारभर नगांच्या चिठ्ठ्या बदलायला चार माणसांना आठवडा सहज जातो. बिलाच्या संगणकात मजुरी टक्क्यांत भरलेली असते, ती ग्रॅमला रुपये अशी फिरवून आधी पाच-सात नमुना बिलं हाताने पडताळावीत. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे संगणक मजुरी ढोबळ वजनावर लावतो आणि चिठ्ठी निव्वळ वजन दाखवते. काउंटरवरच्या मुलांना ‘किती टक्के सोडता?’ या प्रश्नाचं उत्तर शिकवून ठेवावं. त्यांनी टक्क्यांत बोलू नये, चिठ्ठी फिरवून रुपये दाखवावेत. घासाघीस झालीच तर एकाला सोडलेली रक्कम दुसऱ्यालाही सोडायची तयारी हवी, नाहीतर फलकावरचा दर म्हणजे फक्त गप्प बसणाऱ्याचा दर होतो.

आणि पाडव्याच्या दिवशी दुपारी भाव हलला तर काय करायचं, हे सकाळीच ठरवून लिहून ठेवावं. भाव चढला तर ज्याचं बिल व्हायचं आहे पण जो दुकानात रांगेत उभा आहे, त्याला सकाळचाच भाव द्यावा. उतरला तर सगळ्यांना लगेच उतरलेला. फळ्यावर वेळ घालून नवा भाव लिहावा आणि जुना पुसू नये, त्यावर नुसती रेघ मारावी.